हायब्रीड बैठकीचं इतिवृत्त: तुटलेली लाइन आणि चॅटमधलं मत नोंदवताना या चुका टाळा

```
16:41:20 From Vivo 1920 to Everyone: हो
```

या एका ओळीमुळे आमच्या संचालक मंडळाला एक ठराव दुसऱ्यांदा मताला टाकावा लागला. चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं प्रोसिडिंग मी लिहितो. आमचे नऊ संचालक आहेत. त्या दिवशी पाच जण गोदामाच्या ऑफिसात होते आणि चौघं ऑनलाइन होते: पुण्याहून डॉक्टर, नाशिकहून ताई, सुरतेहून जिभाऊ आणि सातपुड्याच्या पायथ्याशी स्वतःच्या शेतातून नाना. विषय होता केळी पिकवण्याच्या चेंबरचा. मूळ ठराव चार चेंबर बांधायचा होता. चर्चेनंतर दुरुस्ती आली की आता दोनच बांधू, उरलेले दोन कर्ज मंजूर झाल्यावर.

मूळ ठराव 4 वाजून 38 मिनिटांनी वाचला गेला. 4:41 ला जिभाऊंनी चॅटमध्ये ‘हो’ लिहिलं. 4:43 ला त्यांची लाइन तुटली. 4:46 ला अप्पांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, दुरुस्तीसह ठराव वाचला आणि 4:49 ला तो मताला टाकला. ऑफिसात दोन हात बाजूने वर गेले, तीन विरोधात. ऑनलाइनवाल्यांना चॅटमध्ये मत लिहायला सांगितलं. डॉक्टर आणि नाना बाजूने होते, ताई विरोधात. मी चॅट वर सरकवलं, जिभाऊंचा ‘हो’ दिसला, तोही धरला. 4:51 ला अप्पांनी निकाल सांगितला: पाच विरुद्ध चार, ठराव मंजूर. मिनिटभराने जिभाऊ परत जोडले गेले, तोवर आम्ही पुढच्या विषयावर होतो.

मसुदा सगळ्यांना पाठवला त्याच संध्याकाळी जिभाऊंचा फोन आला. “मी चार चेंबरला हो म्हटलं होतं. दोन चेंबरची गोष्ट माझ्या कानावरच आली नाही.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांचं मत वजा केलं तर हिशेब चार विरुद्ध चार होतो, म्हणजे ठराव अडकतो. अशा वेळी अध्यक्षांना निर्णायक मत आहे की नाही, हे कंपनीच्या आर्टिकल्समध्ये बघावं लागतं. माझ्या एका मोजणीने तो प्रश्नच झाकला गेला होता.

‘हो’ कशाला, हे न लिहिणं

चॅटमधलं मत हे ठरावाच्या शब्दांना चिकटलेलं नसतं. ते फक्त वेळेला चिकटलेलं असतं. दुरुस्ती वाचून झाल्यानंतरचाच मेसेज दुरुस्त ठरावावरचं मत असतो, त्याआधीचा कितीही ठळक असला तरी नाही. म्हणून इतिवृत्त लिहिताना मी आता दोन वेळा पक्क्या करतो: ठराव शेवटच्या स्वरूपात वाचून कधी झाला आणि निकाल कधी जाहीर झाला. मत या दोहोंच्या मध्ये पडलेलं असेल तरच मोजायचं. आमच्या बाबतीत ही खिडकी 4:46 ते 4:51 अशी होती. नानांचा मेसेज 16:50:31 चा, तो आत बसतो. जिभाऊंचा 16:41:20 चा, तो बाहेर.

नुसता ‘हो’, ‘ओके’ किंवा अंगठ्याचं चित्रही चालवू नका. मत मागतानाच सांगायचं की ठरावाचा क्रमांक, बाजू आणि नाव लिहा. ‘ठराव 4अ, विरोध, अमुक’ इतकं पुरे. दुरुस्ती झाली की क्रमांकाला अक्षर जोडायचं. मग 4 वरचं मत 4अ मध्ये मोजलं जायचा धोका उरत नाही.

तरी माझं मत विचाराल तर चॅट हा मतदानाचा मुख्य रस्ता असूच नये. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने होणाऱ्या संचालक मंडळाच्या बैठकांसाठी 2014 चे जे नियम आहेत, त्यातला नियम 3 साफ सांगतो की ठरावाला हरकत आली आणि मत घ्यावं लागलं, तर अध्यक्षांनी एकेकाचं नाव पुकारायचं, त्याने आपली ओळख देऊन मत सांगायचं आणि ते नोंदवायचं. नऊ जणांचा पुकारा दोन मिनिटांत होतो. ज्याचा माइक अडतोय त्याने आवाजासोबत चॅटमध्येही लिहावं, एवढ्यापुरतं चॅट ठीक आहे. तेव्हा इतिवृत्तातही ‘आवाज अस्पष्ट आल्याने मत चॅटमध्ये लिहून दिले, अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचून दाखवले’ असं यावं. वाचून दाखवणं महत्त्वाचं आहे, कारण ताईंचा ‘विरोध’ त्या दिवशी फक्त मला, होस्टला, खासगी मेसेजमध्ये आला होता. मी जतन केलेल्या चॅटमध्ये तो होता, डॉक्टरांनी त्यांच्या लॅपटॉपवर जतन केलेल्या चॅटमध्ये नव्हता. खासगी मेसेज ज्याला आला आणि ज्याने पाठवला, त्यांच्याच फाइलमध्ये उतरतो. एकाच बैठकीच्या दोन फाइली जुळत नाहीत असं दिसलं, तर आधी हे तपासा.

आणि लाइन तुटलेल्याने व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘माझं हो धरा’ लिहिलं तर? ते धरू नये. ते बैठकीबाहेरचं मत आहे. साधा फोन लावून स्पीकरवर ठेवणं हाही मार्ग नाही. कायद्याला व्हिडिओ कॉन्फरन्सिंग किंवा दुसरं ऑडिओ-व्हिज्युअल माध्यम लागतं, आणि तेही असं की सहभाग ओळखता येईल आणि कामकाज तारीख-वेळेसह जतन करता येईल.

हजेरी एकदाच घेऊन मोकळं होणं

आमच्या पहिल्या मसुद्यात जिभाऊंच्या नावापुढे फक्त ‘उपस्थित (ऑनलाइन)’ होतं. ते खोटं नव्हतं, पण मत घेतलं त्या क्षणी ते नव्हते. लिहायला हवं होतं ते असं:

‘श्री. ——, सुरत येथून ऑनलाइन. दुपारी 4:43 ते 4:52 संपर्क तुटला. या काळात विषय 4 मधील दुरुस्ती वाचली गेली व मतदान झाले, त्यात त्यांचा सहभाग नाही.’

प्रत्येक झटका लिहायची गरज नाही. खान्देशात वीज आणि रेंज दोन्ही आपल्या हातात नसतात. वीस सेकंद चित्र गोठलं आणि त्या वेळी कोणी अहवाल वाचत होतं, तर मी ते सोडून देतो. पण कोणाची लाइन ठराव वाचताना, दुरुस्ती मांडताना किंवा मत घेताना गेली, तर दहा सेकंदांचीही नोंद येते आणि तो भाग पुन्हा वाचला गेला का, हेही येतं. उलट बाजूही आहे. नाना बोलायला लागले की मध्येच “आवाज ई नई ऱ्हायना” असं कोणीतरी ओरडतं आणि चर्चा पुढे जाते. नियमात याचंही उत्तर आहे: संचालकाचं बोलणं तुटलं किंवा अस्पष्ट आलं तर अध्यक्षांनी किंवा कंपनी सचिवांनी ते पुन्हा सांगायची विनंती करायची. अर्धवट ऐकलेलं वाक्य लिहिणाऱ्याने अंदाजाने पूर्ण करू नये.

सुरुवातीचा पुकारा मात्र नीट घ्या. ऑनलाइन असलेल्या प्रत्येकाने नाव, कुठून जोडला आहे, विषयपत्रिका आणि कागदपत्रं मिळाली आहेत, आणि आपल्याशिवाय दुसरं कोणी ऐकत-बघत नाही, हे सांगायचं असतं. त्याच वेळी स्क्रीनवरचं नाव बदलून घ्या. ‘Vivo 1920’ म्हणजे जिभाऊ आणि ‘Redmi’ म्हणजे नाना हे मला त्या दिवशी माहीत होतं, वर्षभराने लेखापरीक्षकाला कळणार नाही. एकाच माणसाचा फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडलेले असतील तर एक बंद करायला सांगा, नाहीतर सहभागींच्या यादीत एक माणूस जास्त दिसतो आणि मतांची बेरीज हजर माणसांशी जुळत नाही.

बेरीज जुळते का, हे प्रत्येक मतानंतर बघा: बाजूने, विरोधात, तटस्थ आणि त्या क्षणी संपर्काबाहेर, मिळून हजेरीएवढे व्हायला हवेत. गणपूर्तीही त्याच क्षणाची बघायची. उत्पादक कंपनीत ती एकूण संचालकांच्या एक तृतीयांश आणि किमान तीन असते. ऑफिसात दोघंच बसले असतील आणि बाकीचे ऑनलाइन असतील, तर एका टॉवरची वीज जाऊन गणपूर्ती मोडू शकते. ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर आधी उपविधींत ऑनलाइन हजेरी मोजता येते का ते पाहा.

लॉगची वेळ तशीच उतरवणं

जिभाऊंचा फोन आल्यावर मी हजेरीचा रिपोर्ट काढला. त्यात त्यांची लाइन 11:13 ला तुटल्याचं दिसलं. तेव्हा बैठकीची खुर्चीसुद्धा मांडलेली नव्हती. अकाउंटचा टाइमझोन भारताचा लावलेला नव्हता, रिपोर्ट साडेपाच तास मागे होता. 11:13 मध्ये साडेपाच तास मिळवले की 4:43 येतात. चॅटच्या फाइलीतल्या वेळा माझ्या लॅपटॉपच्या होत्या आणि मी वहीत लिहिलेल्या वेळा भिंतीवरच्या घड्याळाच्या, ते घड्याळ दोन मिनिटं पुढे. आता बैठक सुरू होताना मी एक वेळ मोठ्याने बोलतो आणि चॅटमध्येही लिहितो, ‘बैठक सुरू, 4:05’. रेकॉर्डिंग, चॅट आणि वही, तिन्ही त्या एका खुणेशी लावून घेता येतात.

चूक कळल्यावर आकडा गुपचूप बदलणं

मला सगळ्यात मोठा मोह याच ठिकाणी झाला. मसुदाच होता, सही व्हायची होती, 5-4 खोडून 4-4 लिहिलं असतं तर कोणी पाहिलं नसतं. पण अप्पांनी बैठकीत पाच विरुद्ध चार असंच जाहीर केलं होतं. इतिवृत्तात घडलं ते येतं, घडायला हवं होतं ते नाही. मग आम्ही लिहिलं की अध्यक्षांनी 5 विरुद्ध 4 असा निकाल जाहीर केला, आणि खाली टीप दिली की मोजणीतील एक मत दुरुस्तीपूर्वीचे, 4:41 चे असल्याचे संबंधित संचालकांनी मसुद्यावर लेखी कळवले, म्हणून विषय पुढील बैठकीत पुन्हा ठेवला जाईल. तोवर ठेकेदाराला आगाऊ रक्कम द्यायची नाही, असं अप्पांनी सांगितलं.

त्यासाठी मसुदा वेळेत फिरणं लागतं. बैठकीनंतर पंधरा दिवसांत तो सगळ्या संचालकांना पाठवायचा आणि बैठकीला हजर असलेल्या प्रत्येक संचालकाने, ऑफिसात असो की ऑनलाइन, तो मिळाल्यापासून सात दिवसांत नोंद बरोबर की चूक हे लेखी कळवायचं, अशी मुदत आहे. मी तिसऱ्या दिवशी पाठवतो. लोकांना काय बोललो ते तेव्हा आठवत असतं.

पुढच्या बैठकीत अप्पांनी ठराव 4अ पूर्ण वाचला, मग एकेकाचं नाव घेतलं. नानांची रेंज पुन्हा गेली. अप्पा थांबले, चार मिनिटांनी नाना परत आले, त्यांच्यासाठी ठराव पुन्हा वाचला गेला. सहा बाजूने, तीन विरोधात. जिभाऊ विरोधात होते. रेकॉर्डिंग, चॅटची फाइल आणि हजेरीचा रिपोर्ट एकाच फोल्डरमध्ये, बैठकीच्या तारखेच्या नावाने ठेवले आहेत, आणि त्या वर्षाचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत ते कोणी हलवायचे नाहीत.