पुढच्या वर्षी माणसं किती लागतील? टर्नओव्हरच्या टक्क्यावर जाऊ नका

मालक म्हणाले धंदा 20 टक्के वाढणार, की एचआरवाले लगेच माणसंपण 20 टक्के वाढवून मोकळे होतात, पण त्या 20 मध्ये रेटवाढ किती ते आधी सेल्सवाल्यांना विचारा. समजा लाईनवर 300 जण आहेत आणि 20 पैकी 5 टक्के नुसती भाववाढ आहे, तर काम खरं 14 टक्क्यांच्या आसपासच वाढतं (1.20 भागिले 1.05), म्हणजे 343 माणसं. नवीन मशीनमुळे प्रॉडक्टिव्हिटी 4 टक्के सुधारणार असेल तर 330 पुरतात. पण मशीन ऑक्टोबरला लागणार असेल तर एप्रिलपासून तो फायदा धरू नका, लोड आधीच वाढला तर तोवरचे 13 जण टेंपररी घ्या.

आता 30 वाढले म्हणून भरती 30 ची नाही हं, इथेच सगळे फसतात. अ‍ॅट्रिशन 18 टक्के असेल तर ते सरासरी 315 वर लावा, साधारण 57 जण सोडून जाणार, म्हणजे वर्षभरात भरती 87 ची.

आणि अ‍ॅट्रिशनचा एकच आकडा धरू नका, पहिल्या तीन महिन्यांत सोडणारे वेगळे काढा. जुने टिकून असतात आणि गळती नव्यांचीच जास्त असते, अशा ठिकाणी भरती वाढली की गळतीपण वाढते आणि 87 सुद्धा कमी पडतात. दर महिन्याला ठरवलेले आणि खरे गेलेले शेजारी शेजारी लिहा, दोन महिने सलग फरक दिसला की आकडा परत काढा.