कोणत्या पोस्टमुळे माल विकला गेला? टॅगची लिंक आणि सवलतीचा कोड यांचा एकच हिशेब

निपाणी किंवा अथणीतला कोल्हापुरी चपलांचा धंदा समोर धरू. स्वतःची वेबसाइट आहे, जोड १२०० रुपयांचा आहे. दिवाळीसाठी इन्स्टाग्रामवर दोन रील टाकायचे आहेत: कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या गिऱ्हाइकांसाठी मराठीत, गोकाक-रायबागकडच्यांसाठी कन्नडमध्ये. शिवाय जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर निरोप जाणार आहे. तिन्हींपैकी कशाने किती जोड विकले, हे काढायचे आहे.

आधी लिंक. वेबसाइटच्या पत्त्यापुढे, माणूस कुठून आला ते सांगणारे टॅग जोडायचे, एवढेच काम:

```
https://example.com/kapshi?utm_source=whatsapp&utm_medium=social&utm_campaign=diwali&utm_content=old-list
```

पत्त्यात आधीच `?` असेल तर टॅगची सुरुवात `&` ने करा. दुसरा `?` पडला की टॅग नीट वाचले जात नाहीत. पत्त्यात `#` असेल तर टॅग त्याच्या आधी आले पाहिजेत. सगळे टॅग छोट्या रोमन अक्षरांतच लिहा. भेटी मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्सला `Diwali` आणि `diwali` या दोन वेगळ्या मोहिमा वाटतात, आणि देवनागरी अक्षरे लिंकमध्ये `%E0%A4` अशा लांबलचक माळेत बदलतात. `utm_medium` मध्ये मनाला येईल तो शब्द घालू नका. `social` लिहिले की भेट सोशलच्या खात्यात पडते, `status-forward` असे काही लिहिले की ती `Unassigned` म्हणजे बिनखात्याच्या ढिगात जाऊन बसू शकते. स्वतःच्या वेबसाइटच्या आतल्या बटणांना हे टॅग कधीही लावू नका, बाहेरून आलेल्या माणसाचा मूळ टॅग त्याने पुसला जातो.

व्हॉट्सअॅपसाठी टॅग लागतोच. तिथून येणाऱ्या क्लिकसोबत बहुतेक वेळा ‘कुठून आलो’ ही खूण नसते, म्हणून टॅगशिवायची भेट थेट आलेली म्हणून मोजली जाते. रीलचे दुखणे वेगळे आहे. रीलखालच्या मजकुरात लिंक टाकली तरी ती दाबता येत नाही, आणि प्रोफाइलमधल्या लिंक सगळ्या रीलसाठी त्याच असतात. मराठी रील आणि कन्नड रील यांत फरक करायचा तर कोडच लागतो. ‘प्रोफाइलमध्ये टॅगची लिंक टाका, सगळे कळेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. त्यातून खाते कळते, पोस्ट कळत नाही.

कोड ठरवताना आपल्या भागात पहिली चूक गावाच्या नावाने होते. रीलमध्ये तोंडाने सांगितलेला `BELGAUM50` कोणी `BELAGAVI50` लिहितो, कोणी `BELGAV50`. निपाणीत एक पी की दोन, अथणीत मधला ए आहे की नाही, यावरही एकमत नाही. कोड चुकला की माणूस एकदा-दोनदा प्रयत्न करतो आणि विनाकोड ऑर्डर टाकतो किंवा निघून जातो. म्हणून मराठी आणि कन्नड बोलणारा दोघेही एकाच स्पेलिंगने लिहितील असा छोटा शब्द घ्या, त्यात ओ अक्षर नको, कारण ते शून्यासारखे दिसते. इथे मराठी रीलला `RAJA50`, कन्नड रीलला `STAR50`, व्हॉट्सअॅपला `GHAR50` देऊ. तिन्हींवर सवलत सारखीच, ५० रुपये. एका कोडवर ५० आणि दुसऱ्यावर १०० ठेवलेत तर लोक विचारपूस करून मोठा कोड वापरतील, आणि तुम्ही पोस्ट नव्हे, सवलत मोजत बसाल.

आता अवघड भाग. महिनाअखेरीस कोडचा आकडा आणि लिंकचा आकडा जुळत नाहीत, आणि बहुतेक जण दोन्हींची बेरीज करून मोकळे होतात. बेरीज करायचीच नाही. एक ऑर्डर, एक ओळ, एकच श्रेय, अशी वही किंवा एक्सेल ठेवा. ओळीत ऑर्डर क्रमांक, वापरलेला कोड, लिंकचा टॅग, पिनकोड आणि शेवटी ‘श्रेय’ असे रकाने हवेत. वेबसाइटचे दुकान वूकॉमर्सवर चालत असेल तर त्याच्या ८.५ आवृत्तीपासून पुढे ऑर्डर उघडली की टॅग तिथेच दिसतो.

समजा, दिवाळीत ४६ जोड पोहोचले. `RAJA50` वर १९, `STAR50` वर ९, `GHAR50` वर ८ आणि कोडविना १०. दुसरीकडे व्हॉट्सअॅपचा टॅग १४ ऑर्डरींवर आहे. कोडच्या ३६ ऑर्डरींत या १४ मिळवल्या तर ५० होतात, म्हणजे विकल्या त्यापेक्षा जास्त. त्या १४ उघडून बघा: ६ वर `GHAR50` आहे, त्या दोनदा मोजल्या गेल्या. ४ वर `RAJA50` आहे, म्हणजे माणसाने रील पाहिले, कोड लक्षात ठेवला आणि नंतर व्हॉट्सअॅपच्या लिंकवरून आला. उरलेल्या ४ वर कोडच नाही.

नियम असा ठेवा: कोड असेल तर श्रेय कोडला, कोड नसेल तरच टॅगला. कारण साधे आहे. टॅग फक्त शेवटचा क्लिक सांगतो, आणि तोही सहज हरवतो. इन्स्टाग्रामची लिंक त्याच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. माणूस रात्री क्रोममधून पुन्हा आला की टॅग मागेच राहिलेला असतो. कोड मात्र माणसाच्या डोक्यात असतो, तो फोन बदलला तरी सोबत येतो. या नियमाने मराठी रील १९, कन्नड रील ९, व्हॉट्सअॅप ८ अधिक ४ म्हणजे १२, आणि ६ अज्ञात. बेरीज ४६. अज्ञात ऑर्डरींचा ‘श्रेय’ रकाना रिकामा राहू द्या. त्या ६ ऑर्डरी इतर पोस्टींना वाटून टाकण्याचा मोह होतो, पण तसे केले की सगळा हिशेब अंदाजाचा होतो.

नियमाला एक अपवाद आहे: फुटलेला कोड. कोणीतरी `RAJA50` एखाद्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये टाकतो किंवा तो कूपनच्या वेबसाइटवर चढतो. ओळखायचे असे: रीलचे व्ह्यूज थंडावले असताना एकाच दिवशी त्या कोडवर ऑर्डरींची झुंबड उडते. सगळे पिनकोड एकाच वस्तीचे असतील तर ग्रुप समजा. ही विक्री रीलचीच, फक्त तिला वाट मिळाली, म्हणून श्रेय रीललाच द्या. पिनकोड देशभर विखुरलेले आणि टॅग किंवा स्रोत गूगलचा असेल तर कूपनची वेबसाइट. हा माणूस चपला घ्यायचे ठरवून पैसे भरण्याच्या पानापर्यंत आला होता, कोडचा रिकामा चौकोन दिसला म्हणून शोधायला गेला. अशा ऑर्डरी रीलच्या खात्यातून काढून अज्ञातात टाका आणि तो कोड त्याच दिवशी बंद करा. कोडला सुरुवातीलाच शेवटची तारीख आणि ‘एका गिऱ्हाइकाला एकदाच’ ही अट घातली तर नुकसान थोडक्यात आटोपते.

पोस्ट टाकण्यापूर्वी प्रत्येक लिंक फोनवर उघडून पत्त्याच्या पट्टीत टॅग शिल्लक आहेत का बघा. लिंक छोटी करणाऱ्या काही सेवा पुढे पाठवताना ते गाळतात. प्रत्येक कोडने एक ऑर्डर शेवटच्या पानापर्यंत नेऊन पाहा.

आणि श्रेय ऑर्डर आल्या दिवशी लिहू नका. चपलेत माप चुकल्याने माल परत येतो, घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरी दारातूनही फिरतात. परत घेण्याची मुदत संपल्यावरच रकाना भरा. एका रीलवरून ३० ऑर्डरी येऊन १२ परत फिरल्या आणि दुसऱ्यावरून २० येऊन २ परत फिरल्या, तर दोन्हीकडे १८ जोडच टिकले. पण पहिल्या रीलने दहा पार्सलांचे येण्या-जाण्याचे भाडे जास्त खाल्ले, आणि पुढच्या वेळी पैसे दुसऱ्या रीलवर लावायचे.