भावंडांच्या ग्रुपवर ड्युटीचा मेसेज टाकताय? या चुका टाळा

"रविवारी रात्री 12 ला दादा" असं कधीच लिहू नका. आमची आई चार वर्षं अंथरुणाला खिळलीये, आम्ही तिघं भावंडं आलटून पालटून बघतो, आणि सगळ्यात मोठा घोळ याच ओळीने घातला.

मला म्हणायचं होतं शनिवारची रात्र संपून रविवार लागतो ते 12. दादा समजला रविवारी जेवणं आटपल्यावरचे 12. शनिवारी ताई होती, तिला डोंबिवलीची शेवटची गाडी गाठायची, दादा पोचतच असेल म्हणून आईला डाव्या कुशीवर वळवलं आणि निघाली. मी सकाळी सहाला दार उघडलं तर आई त्याच कुशीवर, डायपर गच्च, आणि खुब्याच्या हाडावर लाल चट्टा. बोटाने दाबून सोडला तरी जरासुद्धा पांढरा पडेना, म्हणजे बेडसोर सुरू झाला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची ती सहा तास बदलली नव्हती. (असा चट्टा चोळू नका, त्या कुशीवर झोपवू नका, नर्सला किंवा डॉक्टरला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, हात लावून बघा, गरम किंवा कडक लागतं.)

तेव्हापासून मी रात्रीच्या दोन्ही तारखा लिहिते आणि 12 ला ड्युटी बदलतच नाही:

"शनि 14 रात्री 9 ते रवि 15 सकाळी 8: दादा. दादा रात्री 8:30 ला येणार, ताई रात्री 9 ला निघणार. रवि 15 सकाळी 8 ते रात्री 9: मी. मी सकाळी 7:30 ला येणार, दादा सकाळी 8 ला निघणार."

येणार आणि निघणार वेगळं लिहिलंच पाहिजे. मधल्या अर्ध्या तासात दोघांनी मिळून कूस बदलायची, पाठ बघायची, डायपर बदलायचा, शेवटची गोळी किती वाजता दिली ते उशाशी ठेवलेल्या वहीत दाखवायचं. गोळ्यांची नोंद ग्रुपवर नको, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ती सापडत नाही आणि मग डोस दोनदा जातो. "फोनवर सांगते ना" म्हणून जिना उतरणाऱ्यांचा मला राग येतो, पाठ फोनवर दिसत नाही.

रविवारी दुपारी ड्युटी बदलू नका, मेगाब्लॉक असतो.

जुना मेसेज एडिट करू नका, ज्याने आधी वाचलाय तो परत बघत नाही. बदल झाला की पूर्ण मेसेज नव्याने टाका, पिन करा.

आणि अंगठा म्हणजे होकार नव्हे. आमच्याकडे प्रत्येकाने आपली वेळ स्वतः टाईप करायची, "शनि 14 रात्री 8:30 ला येतो". हे नसेल तर आधीचा माणूस चप्पल घालत नाही, गाडी चुकली तर चुकली.