कोरफडीचा गर आणि चेहऱ्याची खाज

मुंबईच्या उन्हाने तापलेल्या चेहऱ्याला खिडकीतल्या कोरफडीच्या गराने गारवा आणि ओलावा मिळे, पण काही वेळातच जबड्याच्या कडेला खाज सुटून लाल चट्टे उठत. माझ्या बाबतीत त्याचे कारण सालीलगतचा पिवळा, कडू चीक हे होते. आता मी पान बुडाशी कापून, कापलेली बाजू खाली करून वाटीत पंधरा मिनिटे उभे ठेवते आणि पिवळे थेंब निथळल्यावर साल जाडसर काढून पारदर्शक गर स्वच्छ धुते. तेव्हापासून खाज थांबली आहे.

तरीही प्रथमच वापरणाऱ्याने कोपराच्या आतल्या बाजूला थोडा गर लावून एक दिवस थांबावे, कारण चीक काढूनही पुरळ उठले, तर अ‍ॅलर्जी गराचीच असू शकते. उरलेला गर फ्रिजमध्ये झाकणाच्या बरणीत मी चार-पाच दिवसच ठेवते. आंबूस वास आला की टाकून देते.