‘मग तू असं कर ना!’ : ऐकण्याआधी उपाय देताना होणाऱ्या या चुका टाळा

चोपड्याकडचं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच घरांतल्या गोष्टी एकत्र करून मी ते उभं केलं आहे. त्याचं कृषी केंद्र आहे, ती शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी दुकान बंद करून तो घरी येतो. ती भाकरी थापता थापता सांगू लागते, “आज मोठ्या बाईंनी सगळ्या स्टाफसमोर मला बोललं. ऑनलाइन माहिती भरायला उशीर झाला म्हणून. मी सांगत होते की दोन दिवस नेटच…”

“मग आदल्या दिवशीच भरून टाकायची ना! आणि उद्या एक अर्ज देऊन ठेव, नेट नव्हतं म्हणून. विषय संपला.”

“राहू द्या,” ती म्हणते आणि भाकरी उलटते.

त्याला वाटतं, मदत केली तरी हिचं तोंड वाकडंच. तिला वाटतं, यांना काही सांगण्यात अर्थ नाही. खरं तर त्याचा सल्ला चुकीचा नव्हता, अर्ज द्यायलाच हवा होता. पण तिला सलत होतं ते ‘सगळ्या स्टाफसमोर’ हे. ते वाक्य पुरं होण्याआधीच त्याने माहिती भरण्याचा प्रश्न सोडवून टाकला.

अशा नवऱ्यांना मी त्यांच्याच दुकानात परत नेते. शेतकरी केळीचं पिवळं पडलेलं पान घेऊन काउंटरवर आला तर जाणता दुकानदार लगेच बाटली काढत नाही. बाग नवी लावलेली नवती आहे की पिलांवर धरलेली पिलबाग, पाणी कधी दिलं, पिवळेपणा कडेने आहे की पट्ट्यापट्ट्यांनी, हे तो आधी विचारतो. कारण पट्टे सीएमव्ही या विषाणूरोगाचे निघाले तर कुठल्याही फवारणीने ते झाड बरं होत नाही, उपटावंच लागतं. बाटलीचे पैसे वाया जातात आणि तोवर मावा ही कीड तो रोग शेजारच्या झाडांवर नेते. पानाला जेवढा वेळ देता तेवढाच बायकोच्या वाक्याला द्या, एवढंच मी त्यांना सांगते.

चूक पहिली: सल्ला प्रश्नाचे कपडे घालून येतो

‘मी आता सल्ला देत नाही, फक्त विचारतो,’ असं बरेच जण अभिमानाने सांगतात. मग घरात ऐकू येतं, “तू त्यांना तिथेच का नाही सांगितलंस?” “दुसऱ्याच्या मोबाइलवरून नसतं का भरता आलं?” यातल्या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात ‘तुझं चुकलं’ दडलेलं आहे, आणि सांगणाऱ्याला ते लगेच कळतं. मग ती घडलेलं सांगायचं सोडून स्वतःची बाजू मांडायला लागते.

‘इतकं काय मनावर घेतेस’ या समजावणीचाही तोच परिणाम होतो, आणि ‘आमच्या दुकानात तर रोज असं होतं’ या आपल्या गोष्टीचाही. तिन्ही वेळा बोलणं तिच्या हातून निसटतं.

ज्याला ऐकण्याची सवय लावायची आहे त्याने पहिले काही दिवस ‘का’ने सुरू होणारा प्रश्न बाजूलाच ठेवावा. “मग पुढं काय झालं?” एवढं पुरतं.

मधे येणारा प्रत्येक शब्द वाईट, असंही नाही. आपल्याकडे गप्पा रंगल्या की एकमेकांच्या बोलण्यात हुंकार मिसळतात. ‘हां’, ‘अरे बाप रे’, ‘मंग?’ यांनी सांगणाऱ्याला बळच मिळतं. मधे बोलल्यावर विषय कोणाच्या हातात राहिला ते बघा. तिच्याच हातात असेल तर ती साथ. तुमच्याकडे आला असेल तर तुम्ही तिला तोडलंत.

चूक दुसरी: पोपटपंची

अशा जोडप्यांना मी परतवून सांगत ऐकण्याचा सराव करायला देते. ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या समुपदेशनातून पुढे आली. समोरच्याच्या म्हणण्याचा गाभा आपल्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवायचा आणि बरोबर समजलं का ते विचारायचं. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत त्याचं असं होतं:

“मोठ्या बाईंनी मला सगळ्यांसमोर बोललं.”
“म्हणजे मोठ्या बाईंनी तुला सगळ्यांसमोर बोललं.”
“तेच तर सांगतेय ना मी!”

शब्द जसेच्या तसे परत आले की चेष्टा वाटते. त्यात अर्धं पाऊल तरी तुमचं हवं. काय झालं, आणि त्यातलं तिला काय लागलं, हे दोन्ही एका वाक्यात धरायचं. उदाहरणार्थ, “उशिराचं ठीक, पण सगळ्यांपुढं बोलल्या, याचं तुला जास्त लागलं. असंच ना?”

इथे चूक होईल या भीतीने बरेच जण गप्प बसतात. ही भीती सोडा. तुमचा अंदाज चुकला तर ती म्हणेल, “तसं नाही हो, बोलल्याचं नाही काही. पंधरा वर्षं एकदाही उशीर झाला नाही, ते कोणाला दिसलं नाही.” चुकीच्या अंदाजानेसुद्धा तुम्ही खऱ्या जागी पोहोचलात. म्हणूनच शेवटचं ‘असंच ना?’ कधी गाळू नका. ते गाळलं की तुमचा अंदाज तिच्यावर निकाल होऊन बसतो.

हे सगळं घरच्या बोलीत बोला. आयुष्यभर अहिराणीत बोललेला माणूस एकदम “मी तुझ्या भावना समजू शकतो” म्हणाला तर कोणालाही ते उसनं वाटेल. “तुले वाईट वाटनं ना?” यात तेच काम होतं, आणि खरंही वाटतं.

आपलं ऐकणं जमतंय की नाही, हे तिच्या पुढच्या शब्दावरून कळतं. “हो ना, आणि…” आलं तर बरोबर चाललं आहे. “तसं नाही” आलं तरीही चालेल, ती अजून तुमच्याशी बोलते आहे. “जाऊ द्या”, “राहू द्या”, “काही नाही” आलं तर तिथेच थांबा आणि म्हणा, “मी मधेच बोललो. तू ‘दोन दिवस नेटच…’ असं सांगत होतीस.” तुटलेला धागा जिथे तुटला नेमका तिथूनच हातात दिला तर बहुतेक वेळा माणूस पुन्हा बोलू लागतो.

चूक तिसरी: सांगणाऱ्याने श्वासच न घेणं

ही चूक बोलणाऱ्याकडची आहे. ती वीस मिनिटं सलग बोलते. शाळा, नेट, मागच्या वर्षीची बदली, नणंदेचा फोन, सगळं एकाच दमात. ऐकणाऱ्याला इतकं धरून ठेवता येत नाही. मग तो हाताला लागलेलं एक टोक पकडून त्यावर उपाय सांगून मोकळा होतो. म्हणून सरावात दोन-तीन वाक्यं बोलून थांबायचं, त्याला परतवू द्यायचं, मग पुढे जायचं.

आणि सुरुवातीलाच काय हवं ते सांगून टाका. “आज फक्त ऐका” किंवा “यात मला तुमचं मत हवंय”, एवढं एक वाक्य. ‘त्यांना आपणहून कळायला हवं’ ही अपेक्षा समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी अनेक संध्याकाळी रुसव्यात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

चूक चौथी: सुरुवातच घरच्या भांडणापासून

सर्वांत जास्त सराव इथे मोडतात. पद्धत शिकले की जोडपी त्याच रात्री सासूबाईंचा नाहीतर कापसाच्या पैशाचा विषय काढतात. तक्रार ऐकणाऱ्याविरुद्धच असेल तर ती शांतपणे परतवून सांगणं फार अवघड जातं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांनी १३० नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. भांडताना असं ‘परतवून ऐकणं’ जोडपी क्वचितच करतात, आणि पुढे कोणाचा संसार सुखाचा होईल हे त्यावरून सांगता येत नाही, असं त्यांना दिसलं. बाहेरच्या ताणावर एकमेकांशी बोलताना मात्र उपायाआधी समजून घेणं उपयोगी पडतं, असं गॉटमन सांगतात. म्हणून किमान पहिला महिना विषय उंबऱ्याबाहेरचेच घ्या: शाळा, दुकान, वादळात आडवी झालेली बाग.

बोलताना छाती धडधडू लागली तर नाडी मोजा. पंधरा सेकंदांत पंचवीसच्या वर ठोके म्हणजे मिनिटाला शंभराहून जास्त. अशा वेळी कान उघडे असले तरी डोक्यात काही शिरत नाही. निदान वीस मिनिटं थांबा, पण परत कधी बसायचं ते सांगून उठा. न सांगता उठलात तर समोरच्याला ते टाकून जाणं वाटतं.

सराव कसा करायचा

आठवड्यातून तीन रात्री पुरेत. जेवणं आटोपल्यावर एकाने दहा मिनिटं बोलायचं, मग दुसऱ्याने दहा मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. एकत्र कुटुंबात एकांत मिळत नाही ही खरी अडचण आहे. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडायच्या आधीचा वेळ मिळतो, एरवी गावाबाहेर एक फेरी मारून या. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे काहींना जास्त मोकळं बोलता येतं.

बोलणाऱ्याच्या हातात एखादी वस्तू द्या, घराची किल्लीसुद्धा चालेल. किल्ली ज्याच्या हातात, विषय त्याचा. तिचं बोलणं थांबलं की लगेच तोंड उघडू नका, दोन श्वास जाऊ द्या. पुष्कळदा मनातलं खरं वाक्य त्या दोन श्वासांनंतर येतं.

ज्याला उपाय सुचल्याशिवाय राहवत नाही त्याने कागद-पेन जवळ ठेवावं. सुचलं की एका शब्दात टिपून ठेवायचं, बोलायचं नाही. आत्ता नाही सांगितलं तर विसरेन, या भीतीने मधे बोलणारे यामुळे पटकन शांत होतात. शेवटी विचारायचं, “एक सुचलंय, सांगू का? की आज नको?” नको म्हटलं तर कागद खिशात.

शेतातली मोटार जळाली, पोराला ताप चढला, उद्या हप्त्याची शेवटची तारीख आहे, अशा वेळी सरळ उपायच करा. आणि ज्या घरात एकाला दुसऱ्याची भीती वाटते, हात उगारला जातो किंवा बोललेलं नंतर हत्यारासारखं वापरलं जातं, तिथे हा सराव करू नका. तिथे मोकळं बोलणंच धोक्याचं ठरू शकतं. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर अशा वेळी वापरायचे.

चोपड्याच्या जोडप्याकडे परत येऊ. तिसऱ्या आठवड्यात किल्ली त्याच्या हातात आली. तो म्हणाला, “उधारीचे लोक दुकानासमोरून मान खाली घालून जातात. काही तर पलीकडच्या रस्त्याने जातात.”

“मग द्यायचीच कशाला उधारी? मी किती वेळा सांगितलं…” ती बोलून गेली आणि थांबली. तो किल्लीकडे बघत होता.

“मी मधेच बोलले,” ती म्हणाली. “पलीकडच्या रस्त्याने जातात, म्हणत होतात तुम्ही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला.

“पैशांचं एवढं नाही ना?” तिने विचारलं. “ओळखीची माणसं तोंड चुकवतात, त्याचं जास्त वाटतं. असंच ना?”

“हो ना,” तो म्हणाला. “आणि त्यातला एक माझ्या वर्गातला आहे. त्याच्या पोरीच्या लग्नाचं बोलावणंच आलं नाही मला.”

हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या पोरीचं लग्न होऊन चार महिने झाले होते.