टूनाचा डबा आठवड्यातून किती वेळा? पाऱ्याचा हिशेब असा मांडा

जिमला जाणाऱ्यांमध्ये टूनाचा डबा भलताच लोकप्रिय आहे. प्रोटीन भरपूर, मासे साफ करायची कटकट नाही आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये तळणाचा वास सुटला म्हणून सोसायटीत कुरबुर नाही. मुंबईत ही शेवटची सोय काही लहान नव्हे. अडचण आहे ती पाऱ्याची. रोज एक डबा चालेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं: डब्यात कोणता टूना आहे, मासा किती आहे आणि खाणाऱ्याचं वजन किती आहे.

आधी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. समोर नुसतं ‘टूना चंक्स’ लिहिलेलं असतं, जात घटकांच्या यादीत सापडते. स्किपजॅक हा लहान टूना. अमेरिकेच्या एफडीएच्या तपासण्यांत ‘लाइट’ टूनाच्या डब्यांमध्ये (यात बहुतेक स्किपजॅकच असतो) पारा सरासरी ०.१३ पीपीएम, म्हणजे एका ग्रॅम माशात ०.१३ मायक्रोग्रॅम, निघाला. अल्बाकोर म्हणजे ‘व्हाइट’ टूनाच्या डब्यांत तो ०.३५ होता, जवळजवळ तिप्पट. ताज्या यलोफिनची सरासरीही तेवढीच आहे. मोठा मासा लहान माशांना खातो, जास्त वर्षं जगतो आणि त्या सगळ्यांचा पारा अंगात साठवत जातो. जात लिहिलेलीच नसेल तर हिशेब ०.३५ नेच करा.

मग ‘ड्रेन्ड वेट’ पाहा, म्हणजे पाणी किंवा तेल निथळल्यावर उरणारा मासा. १८५ ग्रॅमच्या डब्यात तो साधारण १३० ग्रॅम भरतो. निथळून पारा जातो असा एक समज आहे, तो सोडून द्या. माशातला पारा मिथाइलमर्क्युरी या रूपात असतो आणि तो स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. पाणी ओतून द्या, लिंबू पिळा, तव्यावर खमंग परता, तो तिथेच राहतो.

आता स्वतःचा कोटा काढा. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे रोज ०.१ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे वजनाला ०.७ ने गुणलं की आठवड्याचा आकडा मिळतो.

समजा, अंधेरीत नोकरी करणारी एक मुलगी आहे, वजन ६० किलो. तिचा आठवड्याचा कोटा ४२ मायक्रोग्रॅम. स्किपजॅकच्या एका डब्यात १३० गुणिले ०.१३, म्हणजे सुमारे १७. दोन डबे आरामात बसतात, तिसऱ्याला कोटा ओलांडला जातो. अल्बाकोर असेल तर एकाच डब्यात ४५ होतात, आठवडा तिथेच संपला. आणि रोज एक स्किपजॅक? सुमारे ११८. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या तज्ज्ञ समितीची मर्यादा जरा सैल आहे, आठवड्याला दर किलोमागे १.६, म्हणजे या मुलीसाठी ९६. रोजचा डबा त्याच्याही बाहेर जातो.

म्हणून घाबरून जायचं कारण नाही. ईपीएच्या आकड्यात दहापट सुरक्षेची सूट आधीच धरलेली आहे आणि हा हिशेब वर्षानुवर्षांच्या सवयीचा आहे. एका आठवड्यात चार डबे झाले म्हणून विषबाधा होत नाही. पुढच्या आठवड्यात हात आखडता घ्या, झालं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मूल यांच्याबाबतीत मात्र ही ढिलाई नको, कारण फटका वाढत्या मेंदूला बसतो. एफडीएच्या सल्ल्यानुसार गरोदरपणात अल्बाकोर आठवड्याला एकदाच, तोही सुमारे ११० ग्रॅम, आणि त्या आठवड्यात दुसरे मासे नकोत. २० किलोच्या मुलाचा कोटा तर १४ च येतो, म्हणजे स्किपजॅकचाही अख्खा डबा बसत नाही.

हिशेबात लोक हमखास विसरतात ते रविवारचं ताट. सुरमई आणि मोरी हे दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे मासे, कुपा तर टूनाच. असं काही ताटात आलं की त्या आठवड्यातला निदान एक डबा वजा करा. डब्याच्या जागी काय, तर तारली. एफडीएच्या तपासण्यांत सार्डिनमध्ये, म्हणजे तारलीच्या कुळात, पारा ०.०१३ होता, लाइट टूनाच्या दहावा हिस्सा. काटे आहेत, वासही येणार, पण तारलीबाबत पाऱ्याचं गणित मांडत बसायला नको.

वर्षभर रोज डबा खाल्ला असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातला पारा तपासून घ्या. तपासणीच्या आधी आठवडाभर मासे सोडून काही साधत नाही, कारण रक्तातला मिथाइलमर्क्युरी निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात. आकडा जास्त आला तर डबे थांबवून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तेव्हा तो उतरलेला दिसायला हवा. उतरला नाही तर पारा माशांखेरीज आणखी कुठून येतोय ते डॉक्टरांबरोबर शोधा, आणि पाऱ्याची भस्मं घेत असाल तर ते आधी सांगा.