खरेदीपत्राचा मसुदा मोठ्याने आणि उलटा कसा वाचावा

मसुदा छापून घ्या. स्क्रीनवर अक्षर मोठं करून वाचल्याने काही साधत नाही, आणि 12 च्या जागी 21 पडले तर स्पेलचेक बोलणार नाही.

पहिली फेरी मोठ्याने, दोघांनी मिळून. वाचणाऱ्याच्या हातात मूळ कागद, म्हणजे उतारा आणि आधीचं खरेदीपत्र. ऐकणाऱ्याच्या हातात मसुदा आणि ओळीखाली पट्टी. दोघांनीही मसुदाच धरला तर चूक दोघांना बरोबर वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे 1956 पूर्वीचे मराठी दस्त घरोघरी असतात आणि नवा मसुदा कन्नडमध्ये होतो. तिथे ऐकणारा कन्नड नीट वाचणाराच हवा. आकडे सुटे वाचा: एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला जवळ, ‘पाच, नऊ’ मात्र चुकत नाही.

मग फक्त मसुदा वाचा आणि ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’ आलं की त्या माणसाचं नाव घ्या. अदलाबदल झाली असेल तर विकणाऱ्यालाच कब्जा मिळाल्याचं लगेच ऐकू येतं.

आता उलट वाचन, मिळकतीच्या वर्णनासाठी. शब्द न् शब्द उलटा वाचा असं सांगतात, ते ऐकू नका. दस्तात कलम हे माप धरा. शेवटच्या कलमापासून वर जा, कलमाच्या आत सरळच वाचा. समजा उताऱ्यावर 2 एकर 12 गुंठे आहेत, पैकी 1 एकर 20 गुंठे विकायचे, बाकी 32 गुंठे. मसुद्यात एकूण क्षेत्र 2 एकर 21 गुंठे पडलंय. वरून वाचताना हा आकडा आधी भेटतो आणि आपण तो खरा धरून पुढे जातो. खालून आलात तर आधी बाकी 32, मग विक्री 60 गुंठे, म्हणजे एकूण 92 व्हायला हवेत. एकराचे 40 गुंठे, म्हणून 92 म्हणजे 2 एकर 12. मसुद्यातले 2 एकर 21 म्हणजे 101. तिथेच गाठ पडते.

चतुःसीमाही अशीच, उत्तरेकडून मागे, प्रत्येक दिशेला नकाशावर बोट ठेवून. शेजाऱ्याच्या दस्तावरून मसुदा उतरवला असेल तर पूर्व-पश्चिम हमखास उलटते, कारण त्याची पूर्व हद्द ती तुमची पश्चिम. शेजाऱ्याच्या दस्तात त्या बाजूला तुमचा सर्व्हे नंबर दिसला पाहिजे.

उलट वाचनात गळालेलं कलम सापडत नाही, म्हणून मोठ्याने वाचायची फेरी टाळू नका. दुरुस्ती संगणकात करून ते पान पुन्हा छापा आणि त्याच्या मागचं-पुढचं पानही वाचा, कारण मजकूर सरकताना ओळ गळते. हाताने खाडाखोड केलीच तर लिहून देणाऱ्याची तिथे सही घ्या. नोंदणीनंतर चूक सापडली तर चूक-दुरुस्ती पत्रासाठी विकणाऱ्याला पुन्हा उपनोंदणी कार्यालयात आणावं लागतं.